खोक्यावर 12 एएच, डेटाशीटवर अटी: फवारणी पंपाची बॅटरी घेण्याआधी

पाठीवरच्या फवारणी पंपाची जुनी लेड-ॲसिड बॅटरी बसली की दुकानदार हल्ली लिथियमची पुढे करतो. खोक्यावर तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत असतात: 12 व्होल्ट, 12 एएच म्हणजे अँपिअर-तास, 2000 सायकल. कपाशीवर मावा-तुडतुडे आलेले, मजूर बांधावर उभा, अशा वेळी याच्या पुढे कोण काय विचारणार? हे आकडे खोटे असतात असं नाही. पण प्रत्येक आकडा कुठल्या तरी अटीवर मोजलेला असतो आणि ती अट खोक्यावर छापत नाहीत. ती डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या तांत्रिक माहितीच्या कागदावर, बहुतेक वेळा आकड्याच्या शेजारच्या बारीक ओळीत असते.

ती ओळ कशी वाचायची ते एकाच उदाहरणावरून बघू. आपल्या पंपात बसणारी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी घेऊ. तिच्यात 32700 या मापाचे आठ सेल आहेत. 32 म्हणजे सेलचा व्यास मिलीमीटरमध्ये, 70 म्हणजे उंची. दोन-दोन सेल समांतर जोडून चार गट केलेत आणि ते चार गट एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये लावलेत.

आधी योग्य कागद मिळवा

दुकानात डेटाशीट मागितली की बऱ्याचदा रंगीत पत्रक हातात येतं. त्यावर शेतकऱ्याचा फोटो असतो, चाचणीची अट नसते. ते बाजूला ठेवा. बॅटरी जोडणारा स्वतः सेल बनवत नाही, त्यामुळे खरी डेटाशीट सेलची असते आणि ती शोधायला सेलचा मॉडेल क्रमांक लागतो. तो सेलच्या प्लास्टिक वेष्टनावर छापलेला असतो. बॅटरी जोडणाऱ्याला हा क्रमांक विचारा. सांगता येत नसेल तर सेल कुठले आहेत ते त्यालाही ठाऊक नाही, किंवा सांगायचं नाही. दोन्ही परिस्थितींत मी तरी ती बॅटरी घेणार नाही.

या मापाच्या 6 एएच सेलच्या शीटवर साधारण पुढच्यासारख्या ओळी दिसतात. आकडे कंपनीप्रमाणे थोडे बदलतात. इथे समजण्यासाठी एक नमुना घेतला आहे, त्यातल्या C चा अर्थ पुढे बघू:

| ओळ | आकडा | अट |
|---|---|---|
| नॉमिनल क्षमता | 6.0 एएच | 0.2C ने डिस्चार्ज, 2.5 व्होल्टपर्यंत, 25±2 अंश सेल्सिअस |
| किमान क्षमता | 5.8 एएच | वरीलप्रमाणे |
| नॉमिनल व्होल्टेज | 3.2 व्होल्ट | |
| चार्ज व्होल्टेज | 3.65 व्होल्ट | करंट 0.05C पर्यंत उतरेपर्यंत |
| डिस्चार्ज कटऑफ | 2.5 व्होल्ट | |
| तापमान, चार्ज करताना | 0 ते 45 अंश | |
| तापमान, डिस्चार्ज करताना | उणे 20 ते 60 अंश | |
| सायकल लाइफ | 2000 | 0.5C चार्ज, 0.5C डिस्चार्ज, 25 अंश, क्षमता 80 टक्क्यांवर येईपर्यंत |

नॉमिनल व्होल्टेजवरून बॅटरीची जात ओळखा

3.2 व्होल्ट हा ना भरलेल्या सेलचा आकडा, ना रिकाम्याचा. सेल भरलेल्या अवस्थेतून रिकामा होईपर्यंत व्होल्टेज बदलत राहतं, आणि त्या सगळ्या प्रवासाचा मधला, नावाला धरलेला आकडा म्हणजे नॉमिनल. ऊर्जेचा हिशोब करायला तो उपयोगी पडतो: चार गुणिले 3.2 म्हणजे 12.8 व्होल्ट, आणि 12.8 गुणिले 12 एएच म्हणजे सुमारे 154 वॉट-तास. मल्टिमीटर लावल्यावर 12.8 दिसलंच पाहिजे, असा त्याचा अर्थ नाही. पूर्ण चार्ज करून ठेवलेली चांगली बॅटरी 13.3 च्या आसपास किंवा थोडी वर दाखवते.

या आकड्याचा मोठा उपयोग वेगळाच आहे. त्यावरून आतलं रसायन कळतं. एका सेलला 3.2 असेल तर एलएफपी, 3.6 किंवा 3.7 असेल तर मोबाइल-लॅपटॉपच्या घराण्यातला लिथियम सेल, 2 असेल तर लेड-ॲसिड. बाजारात '12 व्होल्ट लिथियम' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या बॅटऱ्या मिळतात. एकीत एलएफपीचे चार गट, दुसरीत 3.7 व्होल्टचे तीन. दुसरीवर बारकाईने बघितलं तर 11.1 व्होल्ट लिहिलेलं असतं आणि ती 12.6 व्होल्टला पूर्ण भरते. हा फरक जिवावर बेतू शकतो, कारण एलएफपीचा चार्जर 14.6 व्होल्टचा असतो. तो तीन गटांच्या बॅटरीला लावला तर प्रत्येक सेलवर जवळजवळ 4.9 व्होल्ट येऊ पाहतात, आणि त्याची मर्यादा 4.2 असते. आतलं बीएमएस, म्हणजे संरक्षण सर्किट, ते अडवेल. पण आपल्या खळ्यात ठेवलेली बॅटरी फक्त त्याच्या भरवशावर सोडू नये. चार्जर आणि बॅटरी, दोघांवरचे आकडे एकदा शेजारी ठेवून बघा.

कटऑफ म्हणजे मोजणी कुठे थांबवली

6.0 एएच ही क्षमता सेल 2.5 व्होल्टवर येईपर्यंतची आहे. आपल्या बॅटरीसाठी चार गुणिले 2.5, म्हणजे 10.0 व्होल्ट. इथे मोजणी थांबवली म्हणजे सेलमध्ये काहीच उरलं नाही असं नव्हे. याखाली नेलं तर नुकसान सुरू होतं, म्हणून कंपनीने तिथे रेघ मारली.

दोन सेलची तुलना करताना दोन्ही शीटवर कटऑफ सारखा आहे का ते आधी बघा. एलएफपीत एक सोय आहे: त्याचं व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ सपाट राहतं आणि शेवटी धाडकन पडतं. म्हणून एकाने 2.5 पर्यंत मोजलं आणि दुसऱ्याने 2.0 पर्यंत, तरी क्षमतेत फरक थोडाच पडतो. 3.7 व्होल्टच्या सेलमध्ये उतार हळूहळू असतो. तिथे 3.0 ऐवजी 2.5 पर्यंत मोजून काही टक्के क्षमता कागदावर वाढवता येते.

त्याच सपाटपणाचा तोटाही घ्या ध्यानात. व्होल्टेज बघून एलएफपी किती भरली आहे हे सांगणं कठीण असतं. पंपावरचा तीन दिव्यांचा दर्शक लेड-ॲसिडच्या हिशोबाने बनवलेला असेल, तर तो शेवटच्या काही मिनिटांपर्यंत हिरवाच राहील आणि मग पंप एकदम बंद पडेल. बॅटरी खराब नसते, दर्शकाला तिची चाल माहीत नसते इतकंच.

आणखी एक. कटऑफ हा लोड चालू असतानाचा आकडा आहे. 10.0 ला बॅटरी बंद पडली, पंपाचं बटण बंद केलं आणि दहा मिनिटांनी मीटर लावला तर 12 च्या वर दिसेल. त्यावरून 'अजून भरपूर आहे' समजून परत परत चालवू नका.

चाचणीच्या अटी: एकच 12, दोन अर्थ

"बारा लिखेल शे ना भाऊ, मंग?" असं वैतागून विचारणारा माणूस हंगामात प्रत्येक बॅटरीवाल्याच्या दुकानात भेटतो. जुन्या लेड-ॲसिडवरही 12 होतं, नवीवरही 12 आहे, मग एक दुपारच्या आत बसायची आणि दुसरी का टिकते? उत्तर 0.2C या चिन्हात आहे.

C म्हणजे सेलची स्वतःची क्षमता एका तासात रिकामी करणारा करंट. 6 एएच सेलसाठी 1C म्हणजे 6 अँपिअर. 0.2C म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा, 1.2 अँपिअर. या गतीने सेल पाच तासांत रिकामा होतो. आता आपला पंप बघा. नोझल उघडं असताना मोटार 3.5 अँपिअर ओढते असं धरू. दोन सेल समांतर असल्याने प्रत्येकावर 1.75 अँपिअर येतात, म्हणजे सुमारे 0.29C. चाचणीची गती आणि आपली गती जवळजवळ आहेत, आणि एलएफपी अशा गतीला फारशी दबत नाही. म्हणून 12 भागिले 3.5, सुमारे तीन तास पंचवीस मिनिटं, हा अंदाज बऱ्यापैकी खरा उतरतो. मी मात्र हिशोब नेहमी किमान क्षमतेवर करतो: 5.8 च्या दुप्पट 11.6 एएच, म्हणजे तीन तास अठरा मिनिटं. कंपनी हमी त्याच आकड्याची देते.

लेड-ॲसिडची शीट काढा. छोट्या बंद बॅटऱ्यांची क्षमता सहसा 20 तासांच्या गतीने दिलेली असते, शेवट 10.5 व्होल्टला. 12 एएच भागिले 20 म्हणजे 0.6 अँपिअर. इतक्या हळू ओढलं तर ती पूर्ण 12 देते. पण पंप तिच्याकडून त्याच्या जवळजवळ सहापट ओढतो, आणि लेड-ॲसिड वेगाने ओढलं की आतलं ॲसिड प्लेटपर्यंत वेळेत पोचत नाही, व्होल्टेज लवकर खाली येतं. त्याच शीटवर 'किती तास, किती करंट' असा तक्ता असतो. त्यात 3 तासांच्या रकान्यात साधारण 3 अँपिअरच्या आसपासचा आकडा सापडेल. म्हणजे मिळाले जेमतेम 9 एएच. 3.5 अँपिअरला पंप जेमतेम अडीच तासच चालणार, आणि तेही बॅटरी नवी असताना.

कोणीच खोटं बोललेलं नाही. दोघांनी वेगवेगळ्या गतीने मोजलं. म्हणून डेटाशीटवर क्षमता वाचताना बोट लगेच गतीवर जाऊ द्या, आणि ती गती आपल्या पंपाच्या करंटशी ताडून बघा. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी घेतानाही हेच. तिथे C20 आणि C10 असं लिहितात, म्हणजे 20 तास आणि 10 तास. सोलरसाठीच्या बॅटऱ्या सहसा C10 वर मोजलेल्या असतात. 150 एएच C10 आणि 150 एएच C20 यांत पहिली बॅटरी मोठी.

25 अंश, आणि आपला मे महिना

जळगाव-भुसावळच्या वाचकाला 25 अंश हा आकडा डिसेंबरच्या सकाळचा वाटेल. मे महिन्यात इथे पारा 44-45 ला जाणं नेहमीचं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. मग डेटाशीटचं काय होतं?

इथे नवखा माणूस हमखास चकतो. शीटवर तापमान आणि क्षमतेचा आलेख असतो. त्यात 25 अंशांवर 100 टक्के, 0 अंशावर बरंच कमी, आणि 45 अंशांवर 100 किंवा किंचित जास्तच दिसतं. त्यावरून वाटतं, आपल्याकडे थंडी नाही, गरमीत तर बॅटरी जास्तच देते, मग काळजी कसली? आलेख बरोबर आहे, पण तो त्या दिवशी किती मिळेल ते सांगतो. बॅटरी किती वर्षं टिकेल ते सांगत नाही. उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया जलद होतात. आज थोडं जास्त मिळतं ते त्यामुळेच, आणि बॅटरी लवकर म्हातारी होते तीही त्यामुळेच. लेड-ॲसिडच्या धंद्यात जुना ठोकताळा आहे की तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. एलएफपीत प्रमाण वेगळं असलं तरी दिशा तीच आहे.

दुसरी ओळ चार्जच्या तापमानाची. नमुन्यात डिस्चार्जला 60 अंशांपर्यंत मुभा आहे, चार्जला फक्त 45 पर्यंत. हे तापमान सेलच्या अंगाचं आहे, हवेचं नाही. दुपारी दोनला शेतातून पंप आणला, बॅटरी हाताला कढत लागतेय आणि लगेच चार्जरला लावली, तर आपण शीटच्या बाहेर गेलो. शेतीची लाइट रात्रीची असते म्हणून आपण कावतो, पण बॅटरीच्या दृष्टीने रात्री, गार झाल्यावर चार्ज करणं उत्तम. 3 अँपिअरचा चार्जर असेल तर चार-साडेचार तासांत काम होतं. करंट 0.6 अँपिअरवर, म्हणजे आपल्या दोन सेलच्या गटाच्या 0.05C वर उतरला की बॅटरी भरली समजा.

2000 सायकल

सायकल म्हणजे एकदा पूर्ण भरणं आणि एकदा पूर्ण रिकामं करणं. अर्धी वापरून भरली तर ढोबळ हिशोबाने अर्धी सायकल. आणि 2000 नंतर बॅटरी मरते असं नाही. क्षमता मूळच्या 80 टक्क्यांवर आली की कंपनी मोजणं थांबवते. आपल्या 12 एएचची 9.6 एएच होते आणि पंप सव्वातीन-साडेतीन तासांऐवजी पावणेतीन तास चालतो. दुसऱ्या कंपनीने 3000 लिहिलं असेल तर ती मोजणी 70 टक्क्यांपर्यंत तर नेली नाही ना, ते बघा. तोच सेल, थांबायची जागा पुढे सरकवली की आकडा वाढतो. पूर्ण रिकामा करण्याऐवजी 80 टक्केच वापरून मोजलं तरी वाढतो. लेड-ॲसिडच्या शीटवर तर यासाठी स्वतंत्र आलेख असतो: दरवेळी पूर्ण रिकामी केली तर दोनशेच्या घरात, तिसरा हिस्साच वापरली तर हजाराच्या घरात. दुकानदार सांगतो तो आकडा सहसा दुसरा असतो.

आता हिशोब करून बघा. तुमचा पंप वर्षाला 80 दिवस चालतो, दरवेळी बॅटरी पूर्ण वापरली जाते. 2000 भागिले 80 म्हणजे 25 वर्षं. कोणी विश्वास ठेवेल? ठेवूही नये, कारण हा आकडा वर्षांबद्दल काही बोलतच नाही. प्रयोगशाळेत 0.5C ने दोन तास चार्ज, दोन तास डिस्चार्ज, मधली विश्रांती आणि चार्जची शेपटी धरून एक सायकल पाचेक तासांत होते. न थांबता चालवलं तर 2000 सायकल सुमारे चौदा महिन्यांत उरकतात. म्हणजे ज्या सेलवरून हा आकडा आला, त्याने फार तर सव्वा वर्षाचं वय पाहिलं, तेही 25 अंशांच्या खोलीत. न वापरताही बॅटरी वयाने झिजते, तो भाग या 2000 मध्ये जवळजवळ नाहीच.

फवारणी पंपवाल्यासाठी म्हणून सायकलचा आकडा दुय्यम आहे. 1500 आणि 3000 यांत जास्त पैसे मोजून निवड करण्यात अर्थ नाही, कारण तुमची बॅटरी सायकलने नव्हे, वयाने आणि उन्हाने जाणार. ज्याची बॅटरी रोज रिकामी होते त्याचं गणित वेगळं. केळीच्या वाडीवर रात्रभर जळणारा सोलर दिवा रोज एक सायकल खातो. तिथे 2000 म्हणजे साडेपाच वर्षांच्या आत, आणि 3000 ला खरंच किंमत आहे. अशी बॅटरी उन्हात खांबावर टांगलेली असेल तर शीटवर 45 अंशांची वेगळी सायकल-ओळ शोधा. चांगल्या शीटवर ती असते आणि तिथला आकडा बराच खाली असतो.

पंपाच्या मालकाने त्याऐवजी साठवणीची ओळ वाचावी. कापसाची फवारणी संपल्यावर बॅटरी पुढच्या हंगामापर्यंत पडून राहते, आणि त्यातच आपला अख्खा उन्हाळा येतो. एलएफपी अर्धवट, 40-50 टक्के भरून, घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवायची. लेड-ॲसिडचं नेमकं उलट: पूर्ण भरून ठेवायची आणि दर दोन-तीन महिन्यांनी परत भरायची. सवयीने लिथियमही पूर्ण भरून पत्र्याखाली ठेवणारे खूप आहेत.

घेतल्याच्या आठवड्यातच मोजून बघा

शीट वाचली तरी आत तेच सेल आहेत का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी एएच दाखवणारा छोटा डीसी वॉटमीटर पुरतो. तो बॅटरी आणि पंपाच्या मध्ये जोडायचा. बॅटरी पूर्ण चार्ज करून तासभर ठेवा. मग बादलीत पाणी भरून पंप तेच पाणी परत बादलीत फेकेल असं नोझल लावा आणि चालू करून सोडा. नोझल उघडंच ठेवा, नाहीतर प्रेशर स्विच मोटार बंद-चालू करत राहील. मीटरवर करंट लिहून घ्या, म्हणजे वर धरलेल्या 3.5 ऐवजी तुमचा खरा आकडा मिळेल. पंप थांबला किंवा 10.0 व्होल्ट दिसले की एएच वाचा.

11.6 किंवा वर मिळाले तर उत्तम. 11 च्या वर असतील तरी मी वाद घालणार नाही, कारण स्वस्त मीटर काही टक्के चुकतो. 9 किंवा 10 आले तर दोन शक्यता आहेत आणि त्या ओळखता येतात. बॅटरीच्या बाजूला बॅलन्सची, म्हणजे प्रत्येक गटाच्या तारा बाहेर काढलेली, पांढरी क्लिप असेल तर पंप थांबायच्या आसपास, लोड चालू असतानाच, चारही गटांचं व्होल्टेज मल्टिमीटरने वेगवेगळं मोजा. प्रोबची टोकं एकमेकांना लागू देऊ नका, आणि क्लिप बाहेर नसेल तर वेष्टन फाडू नका, वॉरंटी जाते. चारही गट 2.5 च्या जवळ एकत्र पोचले असतील तर सेलच कमी क्षमतेचे आहेत, 6 म्हणून 5 चे घातलेत. तीन गट 3.0-3.1 वर आणि एकच 2.5 वर असेल तर तो एक गट कमजोर आहे किंवा भरताना मागे राहिला. अशा वेळी बॅटरी एक रात्र चार्जरवर ठेवून बीएमएसला गट बरोबरीला आणायची संधी द्या आणि पुन्हा मोजा. तोच गट परत आधी पडला, तर चारही आकडे कागदावर लिहून, सेलच्या डेटाशीटवरच्या किमान क्षमतेखाली रेघ मारून, बिलासकट दुकानात जा.